दरवर्षी नवी लस कशासाठी?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. गोवराची लस बालपणी घेतली की आयुष्यभर पुरते. मग फ्लूची लस दरवर्षी का घ्यावी लागते? काही वाचक पुढे जाऊन विचारतात, “गतवर्षी लस घेऊनही घरातील वडीलधाऱ्यांना फ्लू झालाच. मग त्या लसीचा उपयोग तरी काय?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘डॉक्टर सांगतात म्हणून’ एवढ्यावर संपू नये. ते समजून घेण्यासाठी सर्वांत उपयुक्त उदाहरण लस अपेशी ठरली त्या वर्षाचे आहे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत जे घडले ते पाहू.

तत्पूर्वी विषाणूची थोडी ओळख हवी. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यांसारखी उभी असलेली प्रथिने असतात. त्यांतील प्रमुख प्रथिनाचे नाव हिमॅग्लुटिनिन. आपल्या घशातील आणि श्वासनलिकेतील पेशींना विषाणू चिकटतो तो याच प्रथिनाच्या टोकाने. त्या टोकावर एक लहानशी खोबण असते; पेशीवरील शर्करेचा रेणू त्या खोबणीत अडकला की विषाणूला आत शिरण्याची वाट मिळते. आपले शरीर विषाणूविरुद्ध जे प्रतिपिंड तयार करते, त्यांतील सर्वांत परिणामकारक प्रतिपिंड या खोबणीच्या आसपास जाऊन बसतात आणि वाट अडवतात. लस हेच काम आजाराविना घडवून आणते. तिच्यात हे प्रथिन असते, जिवंत विषाणू नसतो. (नाकात फवारण्याची लस निराळी, तिच्यात दुर्बल केलेला जिवंत विषाणू असतो.)

आता अडचण अशी की हे प्रथिन स्थिर राहत नाही. फ्लूच्या विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या आठ तुकड्यांत, सुमारे साडेतेरा हजार अक्षरांत लिहिलेली असते. विषाणू आपल्या पेशीत शिरून तिच्या असंख्य नकला काढतो, परंतु नकलेत झालेली चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्यापाशी नाही. जुन्या काळी पोथ्यांच्या नकला करणारे लेखक लिहून झाल्यावर मूळ प्रतीशी ताडून पाहत असत; हा लेखक ताडून पाहतच नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत चुका होत राहतात. बहुतेक चुकांनी विषाणूचे नुकसानच होते आणि त्या नकला नष्ट होतात. पण एखादी चूक नेमकी त्या खोबणीच्या कडेला पडते. चिकटण्याचे काम बिघडत नाही, मात्र जुना प्रतिपिंड तेथे नीट बसेनासा होतो. ज्या समाजात बहुतेकांच्या अंगी जुने प्रतिपिंड आहेत, त्या समाजात असा विषाणू इतरांपेक्षा सहज पसरतो. या क्रमाक्रमाने सरकत जाण्याला ‘अँटिजेनिक ड्रिफ्ट’ म्हणतात. विषाणू जाणूनबुजून हुलकावणी देतो असे वर्णन कधीकधी वाचायला मिळते, ते बरोबर नाही. चूक आंधळेपणानेच होते. तिची निवड मात्र आपल्या सर्वांच्या प्रतिकारशक्तीमुळे होते.

किती बदल झाला म्हणजे प्रतिपिंड निरुपयोगी ठरावा? येथे शास्त्रज्ञांनाही आश्चर्याचा धक्का बसला होता. एच३एन२ या फ्लूच्या उपप्रकाराने १९६८ ते २००३ या काळात जी मोठी स्थित्यंतरे केली, त्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ही स्थित्यंतरे प्रामुख्याने खोबणीलगतच्या अवघ्या सात जागांवरील बदलांमुळे घडली होती आणि कित्येकदा तर एकाच जागी एक अमायनो आम्ल बदलणे पुरेसे ठरले होते. शेकडो अमायनो आम्लांनी बनलेल्या प्रथिनात एक मणी बदलावा आणि कुलपाला किल्ली लागेनाशी व्हावी, असा हा प्रकार. त्या सात जागांपैकी एक आहे १५९ क्रमांकाची. तिची आठवण ठेवावी. पुढे तीच लागणार आहे.

बदल झाला हे ओळखायचे कसे? पद्धत जुनी असली तरी फार सुंदर आहे. फ्लूचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना चिकटतो आणि त्यांना एकमेकींशी जोडून जाळे विणतो. प्रयोगशाळेतील तबकडीत लहान लहान वाट्यांसारखे खळगे असतात. त्यांत विषाणू आणि रक्तपेशी एकत्र केल्या तर तळाशी पातळ पडदा पसरतो. आधी प्रतिपिंड असलेला रक्तद्रव मिसळला, तर विषाणू अडवला जातो, जाळे बनत नाही आणि पेशी घरंगळून तळाच्या मध्यभागी लाल बटणासारख्या जमतात. हा रक्तद्रव मुख्यतः फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचा असतो, कारण त्याला माणसाप्रमाणेच फ्लू होतो. मग तो रक्तद्रव दर वेळी दुप्पट पातळ करत नेतात: दहापट, वीसपट, चाळीसपट, याप्रमाणे पुढे. समजा, जुन्या विषाणूविरुद्ध तयार झालेला रक्तद्रव त्याच जुन्या विषाणूला १२८० पट पातळ केल्यावरही अडवतो, परंतु नव्या नमुन्याला केवळ १६० पटींपर्यंतच अडवतो. म्हणजे ताकद आठपटींनी घटली. एवढी घट दिसली की विषाणू ‘सरकला’ असे समजण्याचा प्रघात आहे.

असे नमुने जगभरातून सतत तपासले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीखालील हे जाळे १९५२ पासून कार्यरत आहे. आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था त्याचा एक भाग आहे. वर्षातून दोनदा तज्ज्ञांची बैठक होते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या आगामी हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धाच्या पुढील वर्षासाठी लसीत कोणते विषाणू घ्यावेत हे ठरते. निवडलेल्या विषाणूचे नावच त्याची कुंडली सांगते. ‘ए/टेक्सास/५०/२०१२’ म्हणजे ए प्रकारचा, टेक्सासमध्ये सापडलेला, ५० क्रमांकाचा, २०१२ सालचा नमुना.

२०१४ च्या फेब्रुवारीतील बैठकीत एच३एन२ साठी हाच टेक्सास विषाणू निवडला गेला. आदल्या हंगामात तोच होता आणि तपासलेले बहुतेक नमुने त्याच्याशी जुळत होते. निर्णय चुकीचा म्हणण्याजोगा पुरावा त्या दिवशी कोणापाशी नव्हता. परंतु मार्चच्या अखेरीस अमेरिकेतील तपासणीत काही थोडे नमुने वेगळे आढळले. टेक्सासविरुद्धचा रक्तद्रव त्यांना नीट अडवत नव्हता. हजारो नमुन्यांत ते मोजकेच होते. असे चुकार विषाणू दरवर्षी आढळतात आणि त्यांतील बहुतेक पुढे नाहीसे होतात. कोणता टिकेल हे त्या क्षणी सांगता येत नाही.

हे विषाणू मात्र टिकले. उन्हाळ्यात त्यांचे प्रमाण वाढत गेले. सप्टेंबरच्या बैठकीत दक्षिण गोलार्धासाठी टेक्सासच्या जागी ‘ए/स्वित्झर्लंड/९७१५२९३/२०१३’ या नव्या विषाणूची शिफारस झाली. वाचकांनी नावातील सालाकडे लक्ष द्यावे. हा नमुना २०१३ मध्येच घेतलेला होता. म्हणजे फेब्रुवारीची बैठक भरण्यापूर्वीच असा एक विषाणू अस्तित्वात होता! पण एक नमुना असणे आणि तो जगभर पसरणार हे कळणे यांत फार अंतर आहे.

मग अमेरिकेची लस तेव्हाच का बदलली नाही? कारण सप्टेंबरपर्यंत कोट्यवधी मात्रा तयार होऊन दवाखान्यांकडे निघाल्या होत्या. लस बनवण्यास साधारण सहा महिने लागतात आणि त्या सहा महिन्यांत काय चालते हे क्वचितच सांगितले जाते. रुग्णाच्या घशातून मिळालेला विषाणू कोंबडीच्या अंड्यात बहुधा नीट वाढत नाही. म्हणून १९३४ पासून प्रयोगशाळेत जोपासलेल्या, अंड्यात भरघोस वाढणाऱ्या एका विषाणूशी त्याचा संकर करावा लागतो. पृष्ठभागावरील प्रथिने नव्याची आणि वाढण्याची शक्ती जुन्याची, असा वाण निवडून काढायचा. तो मूळ विषाणूशी जुळतो की नाही हे पुन्हा पडताळायचे. मग फलित अंड्यांत तो टोचायचा, दोन-तीन दिवसांनी द्रव काढायचा, विषाणू रसायनाने निष्क्रिय करायचा, प्रथिने शुद्ध करायची आणि प्रत्येक मात्रेत प्रत्येक विषाणूचे पंधरा मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन भरते की नाही हे मोजायचे. ते मोजण्यासाठी लागणारा प्रमाणित रक्तद्रवसुद्धा दरवर्षी नव्याने तयार करावा लागतो आणि त्यातच कित्येक आठवडे जातात. सप्टेंबरात नव्याने आरंभ केला असता तर लस हिवाळा सरल्यावर मिळाली असती.

३ डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने देशभरातील डॉक्टरांना सूचनापत्र पाठवले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये तपासलेल्या एच३एन२ नमुन्यांपैकी ५२ टक्के सरकलेले होते. हंगाम संपेपर्यंत हे प्रमाण चार-पंचमांशांवर गेले. लसीने डॉक्टरांकडे जाण्याइतका आजार किती टाळला याचा जानेवारीतील अंदाज २३ टक्के होता. हंगामाअखेर तो १९ टक्क्यांवर आला. लस चांगली जुळते त्या वर्षी हा आकडा साधारणतः ४० ते ६० टक्के असतो. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण तर २००५ मध्ये अशी मोजदाद सुरू झाल्यापासूनचे सर्वाधिक नोंदले गेले. सूचनापत्रातील भर म्हणूनच औषधावर होता: वृद्ध, गर्भवती वा अन्य जोखमीच्या रुग्णाला फ्लूची शंका येताच, अहवालाची वाट न पाहता ओसेल्टामिविरसारखे विषाणुरोधक औषध सुरू करावे. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ते दिले तर सर्वाधिक गुण येतो. लस घेतली आहे म्हणून फ्लू नसणारच, असे डॉक्टरांनी समजू नये, हाही त्याचा अर्थ.

आणि बदल किती होता? टेक्सास विषाणूत १५९ व्या जागी फिनिलॲलनीन हे अमायनो आम्ल होते. सरकलेल्या विषाणूंचे दोन कूळ निर्माण झाले होते. एकात त्या जागी सेरीन आले, दुसऱ्यात टायरोसीन. इतर काही जागाही बदलल्या होत्या, पण नंतरच्या प्रयोगांत प्रतिपिंड निसटण्याचे मुख्य कारण ही एक जागा असल्याचे दिसून आले.

दुसऱ्या कुळाने आणखी एक करामत केली. १६० व्या जागी झालेल्या बदलामुळे त्याच्या प्रथिनावर शर्करेच्या रेणूंची एक नवी झूल चढली आणि तिच्याखाली प्रतिपिंड बसण्याची जागा झाकली गेली. हे कूळ तांबड्या रक्तपेशींनाही धड चिकटत नसे, त्यामुळे वर सांगितलेली बटणाची चाचणी त्याच्यापुढे लंगडी पडली आणि प्रयोगशाळांना पेशींवरील निराळ्या, अधिक वेळखाऊ चाचण्यांकडे वळावे लागले. पुढे या कुळातील ‘ए/हाँगकाँग/४८०१/२०१४’ हा विषाणू २०१६-१७ च्या लसीत घेतला गेला, तरी अडचण सुटली नाही. अंड्यात वाढताना विषाणूला अंड्यातील पेशींशी जुळवून घ्यावे लागते आणि तसे करताना त्याने ती झूलच टाकून दिली! लसीतील विषाणू झुलीविना, रस्त्यावरचा झुलीसह. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली हे दाखवून दिले. म्हणजे निवड अचूक असूनही उत्पादनाच्या वाटेवर विषाणू सरकू शकतो.

अंड्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनातील प्रश्नालाही स्पष्ट उत्तर दिले पाहिजे. होय, जगातील बहुतांश फ्लूची लस फलित अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून बनते. दोन अन्य पद्धती आहेत. एकीत विषाणू सस्तन प्राण्याच्या, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशींत वाढवतात. दुसरीत विषाणू लागतच नाही, केवळ त्याच्या प्रथिनाचे जनुक कीटकपेशींत घालून प्रथिन तयार करतात. अमेरिकेत या दोन्ही लसींना अनुक्रमे २०१२ आणि २०१३ मध्ये मान्यता मिळाली. झूल गळण्याचा दोष त्यांत टळतो, पण प्राणिज पेशींचा संबंध पूर्णपणे सुटत नाही. हाती असलेली लस कोणत्या पद्धतीची आहे हे सोबतच्या माहितीपत्रकात छापलेले असते. ते वाचून, घरातील वृद्ध किंवा दमेकरी व्यक्तीची जोखीम डॉक्टरांकडून समजून घेऊन, ज्याने त्याने निर्णय करावा.

एका गैरसमजाचाही उल्लेख करतो. फ्लूची प्रत्येक लाट विषाणू सरकल्यामुळेच येते असे नाही. अमेरिका एच३एन२ ने त्रस्त असताना, २०१५ च्या आरंभी, आपल्याकडे राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रात स्वाइन फ्लूची, म्हणजे एच१एन१ ची, मोठी लाट आली होती. तो विषाणू लसीतील ‘ए/कॅलिफोर्निया/७/२००९’ शी अजूनही जुळत होता. हा घटक २००९ पासून बदलावा लागला नव्हता. तो बदलण्याची शिफारस प्रथम सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. एच३एन२ झपाट्याने सरकतो, एच१एन१ सावकाश, आणि बी प्रकारचा विषाणू त्याहूनही सावकाश. आपल्याकडे लाट आली कारण लस फारच थोड्या लोकांनी घेतली होती आणि पूर्वीच्या लाटेनंतर प्रतिकारशक्ती नसलेले पुष्कळ लोक उरले होते. शिवाय लसीने मिळणारे प्रतिपिंड काही महिन्यांतच ओसरू लागतात, ज्येष्ठांमध्ये अधिक लवकर. म्हणून लसीतील एकही नाव बदलले नसले तरी वर्षाने ती पुन्हा घेण्यास सांगतात.

२०१४-१५ च्या त्या अपेशी लसीबद्दलही न्याय करायला हवा. तिच्यात एच३एन२ शिवाय अन्य विषाणूही होते. हंगामाच्या उत्तरार्धात बी प्रकारचा फ्लू पसरला, तेव्हा तिने त्याविरुद्ध चांगले संरक्षण दिले. एक घटक सरकला म्हणून सबंध लस वाया जात नाही.

आता आपल्यापुरते. महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य जोर हिवाळ्यात नसून पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत असतो. काश्मीरसारख्या उत्तरेकडील भागात तो हिवाळ्यात असतो. त्यामुळे भारत भूगोलाने उत्तर गोलार्धात असला तरी आपल्या भागासाठी एप्रिल-मे हा लस घेण्याचा योग्य काळ ठरतो, आणि त्या सुमारास उपलब्ध असलेली सर्वांत ताजी लस बहुधा दक्षिण गोलार्धासाठी आदल्या सप्टेंबरात निवडलेली असते. दवाखान्यात गेल्यावर लसीचे वेष्टन मागून घ्यावे. त्यावर कोणत्या वर्षाची आणि कोणत्या गोलार्धाची लस आहे हे लिहिलेले असते आणि खाली विषाणूंची नावे असतात. मे महिन्यात कोणी आदल्या वर्षीच्या उत्तर गोलार्धाची, जूनमध्ये मुदत संपणारी लस पुढे केली, तर नवी कधी येणार आहे एवढे अवश्य विचारावे. लस टोचल्यापासून पुरेसे प्रतिपिंड तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा पहिल्या पावसापूर्वी तेवढा अवधी हाताशी ठेवावा.